पुढचाच नंबर

अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय भट्टी पेटणार नाही, हा कायदा ओताऱ्याने केलेला नव्हता. त्याच्या बायकोने केला होता. बायको गेली, कायदा मागे राहिला.

कायद्याला कारणही तसंच होतं. ओतारी घंटा ओतायचा, होड्यांवर टांगायच्या घंटा. समुद्रापलीकडे जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करणारा एक कारखाना होता, तो वर्षाआड ऑर्डर द्यायचा. प्रत्येक घंटेवर त्या त्या होडीचं नाव उठावाच्या अक्षरात यायचं, आणि ते नंतर कोरलेलं नसायचं, साच्यातच धरलेलं असायचं. एकदा धातू ओतला की नाव कायमचं. गिऱ्हाइकाने ऐनवेळी हात वर केले तर ती घंटा दुसऱ्या कुणाला विकायची? "दुसऱ्या नवऱ्याचं नाव गोंदवलेली बाई कोण करून घेणार?" असं बायको म्हणायची आणि स्वतःच हसायची. म्हणून ती आधी प्रोफॉर्मा, म्हणजे आगाऊ बिल, पाठवायची. माल काय, किती, दर काय, कुठल्या बंदरातून निघून कुठल्या बंदरात उतरणार, आगाऊ किती, उरलेले कधी, पैसे कुठल्या बँकेत. अ‍ॅडव्हान्स जमा झाला की ती शेडच्या दारात उभी राहून म्हणायची, "अहो, पेटवा." मग ओतारी भट्टी पेटवायचा.

फर्म तिच्याच नावावर होती. ओताऱ्याचं अक्षर घंटेवर शोभायचं, कागदावर कोंबडी नाचल्यासारखं दिसायचं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिने त्याच्या हातातली बिलाची वही काढून घेतली होती. "तुम्ही आगीत हात घाला, कागदात नको," म्हणाली.

ती गेली तेव्हा पावतीपुस्तकापासून शिक्क्यापर्यंत सगळं जागच्या जागी होतं. उपयोग कशाचाच नव्हता. बँकेतल्या मॅडमनी चष्मा काढून, आवाज मऊ करून सांगितलं, "काका, ही एकट्या मालकाची फर्म आहे. मालक गेला की फर्म तिथेच संपते. हे खातं आता चालणार नाही. बाहेरून कुणी यात पैसे पाठवले तर अडकून पडतील, नाहीतर परत जातील."

"तिचं नाव काढायचं म्हणता?"

"काढायचं नाही हो. तुमच्या नावाने नवी फर्म, नवं खातं, निर्यातीची नवी नोंदणी. त्याला इलाज नाही."

ओताऱ्याने मुकाट्याने सह्या केल्या. सह्या करताना अंगठ्याच्या पेराशी जुना भाजल्याचा डाग कागदावर घासत होता, तेवढंच त्याला जाणवत होतं.

आणि नेमकी त्याच सुमारास ऑर्डर आली. बायकोच्याच ईमेलवर. त्या माणसांना काय ठाऊक! कारखान्याच्या नेहमीच्या हिशेबवाल्या बाईचंच पत्र होतं: होड्यांच्या नावांची यादी जोडली आहे, हंगामाआधी घंटा हव्यात, प्रोफॉर्मा पाठवा, अ‍ॅडव्हान्स लगेच करू.

लेक कामाला लागली. पोरगी हुशार, आईसारखीच चटपटीत, आणि तीन दिवस रडून झाल्यावर हातांना काहीतरी हवं असतं तशी ती त्या कागदाला भिडली. नव्या फर्मचं नवं लेटरहेड केलं. नवा ईमेल घेतला. फोन स्वतःच्या मोबाईलचा घातला. नवं खातं, नवी बँक, नवा स्विफ्ट कोड, आणि वर कोपऱ्यात प्रोफॉर्मा नंबर एक. कागद इतका चकचकीत झाला की मेहुणा म्हणाला, "अरे वा, आता दिसतोय धंदा!" मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचा तोडगा तयार असायचा. त्याने शेडमधला जुना फोनही बंद करायला सांगितलं. "त्या डबड्याचं बिल कशाला भरता भावोजी? कोण करतंय त्याच्यावर फोन?"

"राहू दे," ओतारी म्हणाला होता. का राहू दे, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

चकचकीत कागद गेला. उत्तर आलं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेकीने वाचून दाखवलं.

"आमच्या जुन्या पुरवठादाराची माहिती वापरून, बदललेल्या बँक खात्याचा कागद आम्हाला आला आहे. नाव, ईमेल, फोन, खातं, काहीच आमच्या नोंदींशी जुळत नाही. आम्ही हा फसवणुकीचा प्रयत्न समजतो. पैसे पाठवले जाणार नाहीत. पुन्हा संपर्क करू नये."

नळ टपटपत होता.

"चोर ठरवलं आपल्याला," ओतारी म्हणाला.

"माझीच चूक झाली बाबा," लेक म्हणाली. "सगळं एकदम बदललं. असंच करतात लबाड लोक. कुणाच्या तरी ईमेलमध्ये घुसतात, ऑर्डर चालू आहे हे बघतात आणि मध्येच कळवतात, आमची बँक बदलली, पैसे इथे पाठवा. ती माणसं घाबरली यात नवल नाही."

"सोपं आहे," मेहुणा खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "ताईचा ईमेल चालू आहे ना? तिच्या ईमेलवरून पाठवा. जुनंच लेटरहेड, तिचीच सही स्कॅन करून. खातं तेवढं नवं घाला आणि लिहा, जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, तात्पुरतं इथे पाठवा. ताई गेली हे त्यांना सांगायचंच कशाला?"

लेकीने बापाकडे पाहिलं.

"म्हणजे मेलेल्या बाईकडून सही करून घ्यायची," ओतारी म्हणाला.

"तसं नाही हो भावोजी—"

"तसंच. चोर नाही हे पटवायला चोरी करायची. तुझ्या ताईने आयुष्यात चुकीचं वजन लिहिलं नाही रे कागदावर, आणि मेल्यावर तिला खोटं बोलायला लावतोस?"

"मग बसा भट्टी थंड ठेवून! तत्त्वाला फोडणी घाला आणि खा."

"घालीन," ओतारी म्हणाला. "तुला नाही वाढणार."

लेकीला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले. मेहुणा मात्र तडक उठून गेला. दारातून परत आला, छत्री घेतली आणि पुन्हा गेला.

वाईट बातमीला पाय नसतात पण ती धावते. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये साखऱ्या हजर. हा माल गोळा करून परदेशी पाठवणारा दलाल. बोलणं इतकं गोड की बाजारात त्याला सगळे साखऱ्या म्हणायचे, पाठीमागे. मेहुण्याने कुठेतरी तोंड उघडलं असणार.

साखऱ्याने थंड भट्टीवर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. "वहिनींचं फार वाईट झालं. त्या होत्या तोवर मला काही दारात उभं केलं नाही. पण मी मनात ठेवत नाही. ऑर्डर माझ्या नावावर करा. माझी फर्म त्यांच्या बँकेला ठाऊक आहे. प्रोफॉर्मा माझा, खातं माझं, घंटा तुमच्या. मी तुम्हाला इथे रोख देईन. थोडं माझं कमिशन, बास."

"घंटेच्या आतल्या कडेला आमचा छाप असतो," ओतारी म्हणाला.

"तो नको टाकू या. गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो."

"आणि पुढच्या ऑर्डरला?"

साखऱ्या गोड हसला. "पुढचं पुढे. आता जीव वाचवा. हंगाम तुमच्यासाठी थांबत नाही. शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर ती माणसं दुसरीकडे जातील. मी काय, वाईटावर नाही."

"नाही ना? मग हात काढा. भट्टी आजारी नाही."

साखऱ्याने हात काढला. काजळी लागली होती. रुमालाने पुसत तो निघून गेला.

ओतारी लाकडी स्टुलावर बसून राहिला. शनिवार लांब नव्हता. शेडमध्ये बायकोची खुर्ची होती, टेबल होतं, आणि टेबलावर तो जुना काळा फोन. तिचा मोबाईल सदा बॅटरी संपलेला असायचा, म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कागदावर ती शेडचाच नंबर द्यायची. इन्व्हॉइसवर, पॅकिंग लिस्टवर, आणि जहाज कंपनी माल चढल्यावर जी पावती देते, ते बिल ऑफ लेडिंग, त्याच्यावरही. माल पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन.

ओतारी फोनकडे बघत राहिला. मग उठून घरी गेला.

"लिही," लेकीला म्हणाला.

"काय?"

"प्रोफॉर्मा. दुसरा. आणि ते चकचकीत लेटरहेड काढून टाक. साधं लिही."

लेकीने कॉम्प्युटर उघडला. "प्रोफॉर्मा नंबर दोन?"

"आईचा शेवटचा नंबर काय होता?"

तिने फाईल पाहिली. "चौऱ्याहत्तर. सगळी गिऱ्हाइकं धरून."

"मग पंच्याहत्तर."

"बाबा, फर्म नवी आहे. नवी फर्म एकपासून सुरू करते."

"असा कायदा आहे का कुठे?"

लेक विचारात पडली. "कायदा म्हणजे... प्रोफॉर्माला कुठूनही नंबर देता येतो. एकदा घातलेला परत वापरायचा नाही, एवढंच. आणि परवा पाठवलेला एक नंबर रद्द म्हणून लिहावं लागेल."

"लिही रद्द. हा पंच्याहत्तर. फर्म मेली असेल बँकेत. भट्टी मेलेली नाही."

मग त्याने सांगितलं आणि तिने लिहिलं. मालाचं वर्णन, होड्यांच्या नावांची यादी, दर, वजन, बंदरं. अ‍ॅडव्हान्स किती आणि तो कधी, उरलेली रक्कम बिल ऑफ लेडिंगची प्रत मिळाल्यावर. मालाबरोबर काय काय कागद मिळतील: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला. नव्या ऑर्डरच्या बिल ऑफ लेडिंगच्या नंबरची जागा लेकीने मोकळी ठेवली. माल जहाजावर चढेपर्यंत तो नंबर नसतोच.

"आता खाली लिही," ओतारी म्हणाला. "या फर्मची मालकीण माझी बायको होती. ती वारली. तिच्या नावाचं खातं बँकेने बंद केलं. धंदा आता माझ्या नावावर आहे, घंटा आधीही मीच ओतत होतो. खाली दिलेलं खातं नवं आहे."

लेक लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

"पुढे लिही. यावर विश्वास ठेवू नका."

आता तिने मान वर केली.

"लिही तू. ईमेलवर आलेल्या नव्या खात्यावर कुणीही विश्वास ठेवू नये, आमच्यावरसुद्धा. आमच्या मागच्या मालाचा इन्व्हॉइस नंबर हा, बिल ऑफ लेडिंगचा नंबर हा. तो कागद तुमच्या फायलीत आहे. त्याच्यावर आमचा फोन नंबर छापलेला आहे. त्या नंबरवर फोन करा आणि खातं विचारून घ्या."

"आणि नंबर?"

"नंबर लिहायचा नाही."

"बाबा, नंबर न लिहिता फोन कसा करतील?"

"नंबर आपण दिला तर तोही खोटा असू शकतो. त्यांच्या घरातल्या जुन्या कागदावरचा नंबर आपण आता बदलू शकतो का? नाही ना? मग तोच खरा. फायली उघडू देत त्यांना. आम्हाला चोर म्हणतात ना, मग थोडे कष्ट घेऊ देत."

लेकीने बापाकडे जरा वेळ बघितलं. "हे आईला आवडलं असतं."

"तिने दोन ओळींत लिहिलं असतं. पाठव."

मागच्या वेळचं बिल ऑफ लेडिंग समोर ठेवून तिने नंबर एकेक अक्षर ताडून घातला. खाली ओताऱ्याने सही केली. कोंबडी नाचली, पण नाचली.

दुसऱ्या दिवसापासून ओतारी शेडमध्ये फोनशेजारी बसला. पॉलिशचं यंत्र बंद ठेवलं, कारण ते चालू असलं की फोन सोडा, शेजारी ट्रक उलटला तरी कळत नसे. मेहुणा एकदा डोकावून गेला. "फोनची पूजा चालू आहे का?" म्हणाला. ओतारी नळाच्या चाव्या दुरुस्त करत बसला. जेवण लेकीने तिथेच आणून दिलं. हात धुवायलासुद्धा तो दार उघडं ठेवून जायचा.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. लेक बाहेर गेली होती. ओताऱ्याने रिसीव्हर उचलला. परकी भाषा त्याला यायची ती तोडकी. होड्यांची नावं, आकडे, चार शब्द. बाकी सगळं बायको बोलायची.

पलीकडे एक बाई होती. तिने बायकोचं नाव घेऊन विचारलं, ती आहे का?

"मी नवरा," ओतारी त्या भाषेत म्हणाला. "ती गेली. मेली."

मग ती काहीतरी म्हणाली, हळू. शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. तसल्या बोलण्याला भाषा लागत नाही.

मग तिचा आवाज बदलला. हिशेबवाली बाई होती, हिशेबावर आली. खातं वाचून दाखवा. ओताऱ्याने खिळ्याला टांगलेला कागद काढला आणि वाचला. पैसे घेणाऱ्याचं नाव. बँक. खात्याचा एकेक आकडा. स्विफ्ट कोडची अक्षरं वाचताना तो अडखळला, तेव्हा तिने उलट वाचून दाखवलं आणि तो म्हणाला, "होय. होय. तेच."

तेवढ्यात लेक आली. त्याने तिला खुणेने जवळ बोलावलं पण रिसीव्हर दिला नाही. दोघांच्या मधे धरला.

बाई आता सावकाश बोलत होती. लेकीने कानात सांगितलं, "म्हणतात, आमचे साहेब अजून कचरताहेत. या वेळेला अ‍ॅडव्हान्स राहू द्या. तुम्ही घंटा करा, माल चढला की बिल ऑफ लेडिंगची प्रत पाठवा, सगळे पैसे एकदम देतील."

लेकीच्या चेहऱ्यावर होकार स्पष्ट दिसत होता. तिच्या जागी कुणीही हो म्हटलं असतं. उद्या शनिवार होता.

"नाही," ओतारी म्हणाला.

"बाबा!"

"तिला सांग. नाव तुमच्या होडीचं, धातू माझा. तुम्ही उद्या फिरलात तर ती घंटा मी कुणाला विकू? माझ्या बायकोने कधी अ‍ॅडव्हान्सशिवाय भट्टी पेटवली नाही. ती होती म्हणून नियम होता आणि ती नाही म्हणून नियम नाही, असं होणार नाही. विश्वास नसेल तर ऑर्डर देऊ नका. विश्वास असेल तर नेहमीसारखा ठेवा. अर्धा नको."

लेकीने ओठ आवळले, आणि सांगितलं. सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. सांगताना तिचा आवाज हळूहळू ताठ होत गेला.

पलीकडे बाई बराच वेळ कुणाशी तरी बोलली. एका पुरुषाचा आवाज आला. मग ती परत आली आणि काहीतरी म्हणाली, आणि लेक एकदम हसली.

"काय म्हणते?"

"म्हणते, पैसे पाठवतात. मागे एकदा अ‍ॅडव्हान्सला उशीर झाला होता, तेव्हा आईनेही तिला फोनवर हेच ऐकवलं होतं. म्हणते, आता मला खात्री पटली की घर तेच आहे."

ओताऱ्याने रिसीव्हर खाली ठेवला आणि मान वळवून भिंतीकडे बघत बसला. लेकीने त्याला बघू दिलं.

शनिवारी साखऱ्या आला. पैसे अजून आलेले नव्हते. पैसे समुद्र ओलांडताना सुट्ट्या घेत घेत येतात. "मग? ठरलं?" त्याने विचारलं.

"ठरलं. नाही."

"आलेत का पैसे?"

"नाही."

"फोनवरच्या शब्दावर बसलात? कुणी कुणाचं नसतं बाबा या धंद्यात."

"खरं आहे," ओतारी म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला नाही म्हणतोय."

साखऱ्याने खांदे उडवले. "पस्तावाल," म्हणाला आणि या वेळी भट्टीला हात न लावता गेला.

पुढच्या आठवड्यात बँकेतल्या मॅडमचा फोन आला. रक्कम आली आहे, पण कशाची ते लागेल, प्रोफॉर्माची प्रत घेऊन या. ओतारी स्वतः गेला. मॅडमनी पाठवणाऱ्याच्या निरोपाची ओळ आणि कागदाचा कोपरा शेजारी शेजारी धरले. दोन्हीकडे पंच्याहत्तर.

"नव्या फर्मचा पहिलाच प्रोफॉर्मा आणि नंबर पंच्याहत्तर?" मॅडम म्हणाल्या. "आधीचे कुठे आहेत?"

"तिने केले," ओतारी म्हणाला.

मॅडमनी अजून एकदा कागद बघितला. मग मालाच्या निर्यातीची आगाऊ रक्कम म्हणून नोंद केली आणि कागद त्याच्यापुढे सहीसाठी सरकवला.

तो शेडवर परत आला तेव्हा लेक दारात उभी होती. मेहुणाही होता, हात मागे बांधून, तोंड जरा लांब करून. "आले?" त्याने विचारलं.

"आले."

"मी म्हटलंच होतं, ती माणसं तशी चांगली आहेत."

"तू म्हटलं होतंस," ओतारी म्हणाला. "आता कोळसा उचल. त्या घमेल्यात भर."

मेहुण्याने पांढऱ्या शर्टाकडे बघितलं, घमेल्याकडे बघितलं, आणि बाह्या वर केल्या.

ओताऱ्याने साचे बघितले, पहिल्या होडीचं नाव उलट्या अक्षरांत बोटाने वाचून घेतलं. आतल्या कडेचा छाप जागेवर होता. मग तो भट्टीपाशी उभा राहिला आणि थांबला. सवयीने. कान दाराकडे.

लेकीला कळलं. तिने घसा खाकरला.

"बाबा, पेटवा."

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग वाकला आणि भट्टीला आग दिली.